लेखक अनेक, आवाज एक

लंडनहून १८४३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकातील बहुतेक लेखांवर लेखकाचे नाव नसते. अनेक हातांनी लिहिलेला अंक एकाच लेखणीतून उतरल्यासारखा वाटतो, याचे कारण तेथील संपादन आणि शैलीपुस्तिका. ही पुस्तिका कोणता शब्द टाळावा, कोणता वापरावा, हे थेट सांगते. साप्ताहिकाची ही जुनी शिस्त आता ग्राहकांसाठी लेखमाला चालविणाऱ्या कंपन्यांनाही हवीशी वाटू लागली आहे. कारण तेथे लिहिणारे बहुधा पाहुणे असतात: कोणी प्राध्यापक, कोणी डॉक्टर, कोणी हौशी. प्रत्येकाचे लेखन स्वतंत्रपणे चांगले असूनही वाचकाला मात्र दर आठवड्याला नवीच व्यक्ती दारात उभी असल्यासारखे वाटते.

यावर 'आमची शैली मैत्रीपूर्ण व विश्वासार्ह असावी' अशी सूचना लेखकांना पाठविण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग जवळजवळ शून्य. आपण मैत्रीपूर्ण लिहीत नाही, असे कोणत्या लेखकाला वाटते? मराठीत आवाज ठरतो तो फार लहान गोष्टींवरून. वाचकाला 'तुम्ही' म्हणायचे की 'आपण'? क्रियापद 'घाला' असावे, 'घालावे' की 'घालण्यात यावे'? कंपनीने स्वतःला 'आम्ही' म्हणायचे की नाव घेऊन बोलायचे? रूढ इंग्रजी शब्द कोठवर चालतील? एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहिली, की निम्मे काम झाले.

उदाहरणादाखल घरच्या बागेसाठी बियाणे व कुंड्या विकणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिने 'तुम्ही', 'घाला', 'आम्ही' आणि घरात बोलले जाणारे शब्द, असे ठरविले आहे. कुंडीला पाणी किती द्यावे, यावर तिच्याकडे तीन लेख येतात. कृषी विषयाचे प्राध्यापक लिहितात, 'मृदेतील आर्द्रतेचे प्रमाण तपासूनच सिंचन करण्यात यावे.' महाविद्यालयीन तरुणी लिहिते, 'फ्रेंड्स, प्लांट्सना ओव्हरवॉटरिंग अजिबात नको हं!' आणि गच्चीवर बाग करणाऱ्या आजी लिहितात, 'माझी पहिली तुळस मी पाणी घालून घालूनच मारली.'

प्राध्यापकांचे वाक्य संपादनानंतर असे होईल: 'कुंडीतल्या मातीत बोट दोन पेरांपर्यंत घाला, माती कोरडी लागली, तरच पाणी द्या.' आशय तोच. मात्र 'तपासून' म्हणजे कसे, हे आता वाचकाला कळते. यासाठी संपादकाला प्राध्यापकांना एकदा विचारावे लागते, स्वतःच्या मनाने भर घालून चालत नाही. तरुणीच्या लेखातील 'फ्रेंड्स' जातो, 'प्लांट्स'ची 'झाडे' होतात आणि 'हं' गळतो. तिने दिलेली माहिती तशीच राहते. आजींच्या वाक्याला मात्र हात लावायचा नाही. तेथे 'मी' आहे, चूक आहे, तुळस आहे. पाहुणा बोलावायचा तो याचसाठी. तिचे 'अतिरिक्त पाण्यामुळे तुळशीचे रोप दगावू शकते' केले, तर वाक्य नियमात बसेल. पण आजी लेखातून निघून जातील.

शिस्तीचा अतिरेक होतो तो येथेच. सुरुवात, विनोद, उदाहरणे, सारे एका साच्यात ओतले, की लेखमाला माहितीपत्रकासारखी दिसू लागते. ते ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. पाच लेखांवरील नावे झाकून ते कंपनीबाहेरच्या वाचकाला द्यावेत. हे पाच वेगवेगळ्या कंपन्यांचे लेख वाटतात, असे तो म्हणाला, तर नियम सैल आहेत. अनुभव कोणाचा, हेही त्याला वेगळे सांगता आले नाही, तर संपादकाची कात्री फार चालली आहे.

आवाज आणि सूर यांतील फरकही लक्षात घ्यावा लागतो. ई-मेल सेवा देणाऱ्या 'मेलचिंप' या अमेरिकी कंपनीने आपली लेखनविषयक मार्गदर्शिका सर्वांसाठी खुली केली, तीत हा भेद स्पष्ट केला आहे. आवाज कायम राहतो. सूर वाचकाच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो. नव्या फुलांवरील लेखात थट्टा शोभते. कीड लागून झाडे वाळत असलेल्या वाचकासाठीच्या लेखात, तेच 'तुम्ही' आणि तेच 'घाला' ठेवूनही, थट्टा वगळावी लागते.

संपादित मजकूर छापण्यापूर्वी लेखकाला दाखविणे आवश्यक असते. विशेषतः वाक्य सोपे करताना अर्थ सरकला असेल, तर तो लेखकालाच दिसतो. आणि पाहुण्याचे मतच कंपनीच्या मताहून वेगळे असेल, तर भाषा बदलून ते झाकता येत नाही. 'इकॉनॉमिस्ट'नेही बाहेरच्या लेखकांसाठी 'बाय इन्व्हिटेशन' हे वेगळे सदर ठेवले आहे. तेथे लेखावर लेखकाचे नाव असते.