जुना ॲडमिन निघताना काय लिहून ठेवतो?

वीस-पंचवीस माणसांची एखादी कंपनी घ्या. औद्योगिक वसाहतीत एक गाळा, वर ऑफिस, एक सर्व्हर, दोन प्रिंटर, आठ-दहा कॅमेरे. हे सगळं जोडणारा ॲडमिन नोकरी सोडतो आणि नव्या माणसाच्या हाती चार पानं देतो. ती कशी असावीत, हे नेट बंद पडल्यावरच कळतं.

पहिलं पान पत्त्यांचं. कंपनीतल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक आकडी पत्ता असतो आणि ते पत्ते कसे वाटले, हे या पानावर येतं. समजा, कंपनीचे पत्ते 192.168.40.1 पासून सुरू होतात. पहिला राउटरचा. त्यापुढे ४९ पर्यंतचे सर्व्हर आणि प्रिंटरसाठी, कायमचे. ५० ते ९९ कॅमेऱ्यांना. लॅपटॉप-मोबाइलना राउटर स्वतःहून १०० ते २२० मधला पत्ता देतो. हा आकडा ४० का, हेही लिहिलेलं हवं, नाहीतर नवा माणूस उत्साहाने बदलून टाकेल. कारण साधं आहे: घरगुती राउटर बहुधा 192.168.0 किंवा 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वापरतात. ऑफिसनेही तेच घेतले, तर घरून व्हीपीएनने काम करणाऱ्या अकाउंटंटचा लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातल्याच नेटवर्कमध्ये शोधत बसतो.

या पानाचा खरा उपयोग मात्र बिघाड शोधताना. सोमवारी सकाळी निम्म्या लोकांचं नेट चालत नाही, उरलेल्यांचं व्यवस्थित चालतं. लाइन गेली असती तर सगळ्यांचंच गेलं असतं. नवा ॲडमिन अडलेल्या एका विंडोज संगणकावर `ipconfig` टाइप करतो. पत्ता 169.254 ने सुरू होत असता, तर पत्ता देणारं कुणी सापडलंच नाही असा अर्थ झाला असता. केबल किंवा स्विच तपासावा लागला असता. पण इथे दिसतं 192.168.0.105 आणि गेटवे 192.168.0.1. कागदावर असा पत्ताच नाही! म्हणजे दुसराच कुणीतरी पत्ते वाटतोय. मीटिंग रूममध्ये वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला असतो. सकाळी सुरू झालेल्या संगणकाला ज्याचं उत्तर आधी मिळतं, त्याचा पत्ता तो घेतो. कालपासून चालू असलेले संगणक जुन्याच पत्त्यावर असतात. स्विचचं कुठलं पोर्ट कुठल्या टेबलाला जातं याची यादी कागदावर असेल, तर हा पाहुणा लवकर सापडतो. नसेल, तर एकेक केबल काढून बघत बसायचं.

दुसरा भाग राउटरचा. आपल्याकडे छोट्या कंपन्यांत मायक्रोटिकचे राउटर दिसतात, म्हणून तेच उदाहरण. त्याची मांडणी दोन प्रकारे जपता येते. एक बॅकअप फाइल, जी मुख्यतः त्याच राउटरवर परत चढवायची असते. दुसरी साध्या मजकुराची, जी वाचता येते आणि थोडे बदल करून दुसऱ्या मॉडेलवरही वापरता येते. पावसाळ्यात वीज पडून राउटर जळाला तर कामाला येते ती दुसरी. नव्या आवृत्तीत ती अशी काढतात:

```
/export show-sensitive file=router
```

मधला शब्द राहिला, तर फाइल दिसते पूर्ण, पण इंटरनेट कंपनीने दिलेला पासवर्ड तिच्यात नसतो. ते कळतं ऐन वेळी, आणि कस्टमर केअरची रांग सुरू होते. राउटरमध्ये शिरण्याचे पासवर्ड या फाइलमध्ये येतच नाहीत. ते वेगळ्या बंद पाकिटात हवेत.

पर्यायी राउटरवर ती फाइल चढवण्याची आज्ञा अशी:

```
/system reset-configuration no-defaults=yes run-after-reset=flash/router.rsc
```

कारखान्यातून आलेली मांडणी आधी पुसणं गरजेचं आहे. ती राहिली, तर नव्या-जुन्या नियमांची टक्कर होते आणि फाइल मध्येच थांबते. ज्या मॉडेलमध्ये flash नावाचं फोल्डर असतं, तिथे फाइल त्याच्या बाहेर ठेवली तर रीस्टार्टमध्ये पुसली जाते. मग राउटर कोरा राहतो आणि त्याला पत्ताही नसतो. अशा वेळी विनबॉक्स या प्रोग्रॅममधून मॅक पत्त्यावरून आत शिरता येतं. ही ओळ कागदावर नसेल, तर नवा माणूस राउटर बिघडला असं समजून दुकान गाठतो.

कागदाची जागा हाही प्रश्नच. अनेक कंपन्यांत तो सर्व्हरवर किंवा गुगल ड्राइव्हवर असतो, आणि नेट बंद पडलं की नेमका तोच उघडत नाही. छापील प्रत कुलूपबंद कपाटात हवी.

मालकांना एवढंच सांगणं: जुन्या ॲडमिनचा शेवटचा दिवस येण्याआधी, एखाद्या शनिवारी पर्यायी राउटर नव्या माणसाच्या हाती द्या आणि फक्त कागद वाचून तो चालू करायला सांगा. जुना माणूस बाजूला बसेल, पण बोलणार नाही. नवा जिथे अडेल, ती ओळ त्याच दिवशी कागदात लिहून घ्या.