एका सहीवरचे दीड कोटी

समजा, पुण्यातल्या एका सल्लागार फर्मची वार्षिक उलाढाल 6 कोटी आहे आणि त्यातले 2 कोटी सुटे भाग बनवणाऱ्या एकाच कंपनीकडून येतात. या ग्राहकासाठी योजना आखताना मी आधी माणसांची यादी मागतो: कुठलं काम कोणाच्या सहीने मिळतं? इथे दीड कोटीची कामं एकट्या कारखानाप्रमुखाच्या सहीची निघाली. त्यांची बदली झाली, तर करार नूतनीकरणाच्या वेळी आपली बाजू मांडणारं आत कोणीच उरत नाही. म्हणून नूतनीकरणाच्या सहा महिने आधीच फर्मच्या एका भागीदाराने वित्तप्रमुखांना आणि दुसऱ्याने खरेदीप्रमुखांना नियमित भेटायचं, झालेली बचत त्यांच्याच आकड्यांत दाखवायची. 45 दिवसांत मिळणारं बिल 75 दिवसांवर गेलं, बैठकीला साहेबांऐवजी कनिष्ठ येऊ लागले, की नातं सैल होतंय हे ओळखावं.