४.८३ खोडून ५.०० लिहिण्याआधी

प्रॅक्टिकलचं जर्नल तपासताना एक खाडाखोड मला हमखास सापडते. प्रयोग ओहमच्या नियमाचा. रेझिस्टर एक किलोओहमचा, त्याच्या दोन टोकांत मोजलेलं व्होल्टेज ५.०० व्होल्ट. गणिताने प्रवाह ५ मिलीअँपिअर यायला हवा. मीटरने दाखवलेला असतो ४.८३. मग विद्यार्थी ४.८३ खोडतो, ५.०० लिहितो आणि खाली निष्कर्ष देतो, ‘नियम सिद्ध झाला.’

मला वाईट वाटतं ते यासाठी की खोडलेला आकडाच बरोबर होता.

रेझिस्टरवरच्या पट्ट्या नीट पाहा. तपकिरी, काळी, लाल, म्हणजे १००० ओहम. चौथी पट्टी सोनेरी. ती सांगते की खरी किंमत पाच टक्के इकडे-तिकडे असू शकते. म्हणजे हा रेझिस्टर ९५० ओहमचा असेल किंवा १०५० चा, तरी तो सदोष नाही. पाच व्होल्टला या दोन टोकांशी भागलं, की प्रवाह ५.२६ आणि ४.७६ येतो. ४.८३ या पट्ट्यात आरामात बसतो. जर्नलमध्ये अपेक्षित प्रवाह ‘५ मिलीअँपिअर’ एवढाच न लिहिता ‘४.७६ ते ५.२६’ लिहिला असता, तर खोडरबर हातात घ्यायची वेळच आली नसती.

आता मीटर. त्याच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक रेंजसमोर अचूकता दिलेली असते. समजा, २० मिलीअँपिअरच्या रेंजसाठी ती ‘±(१ टक्का + २ डिजिट)’ आहे. टक्का लावायचा तो दिसणाऱ्या रीडिंगवर, म्हणजे ४.८३ चा ०.०५. डिजिट म्हणजे डिस्प्लेवरचा शेवटचा अंक. इथे तो ०.०१ चा, म्हणून दोन डिजिट ०.०२. बेरीज ०.०७. तेव्हा रीडिंग लिहायचं ४.८३ ± ०.०७ मिलीअँपिअर.

डिजिटचा हा भाग मुलं सोडून देतात, आणि चुकीच्या रेंजवर नेमका तोच नडतो. पाच व्होल्ट २० व्होल्टच्या रेंजवर मोजले तर दोन डिजिट म्हणजे ०.०२ व्होल्ट. तेच सगळ्यात वरच्या रेंजवर मोजले, जिथे डिस्प्ले पूर्ण व्होल्टच दाखवतो, तर दोन डिजिट म्हणजे दोन व्होल्ट! मीटर तोच, प्रोब त्याच. पण ‘५’ हे रीडिंग आता तीन ते सातमधलं काहीही असू शकतं. म्हणून जर्नलमध्ये रीडिंगशेजारी रेंज लिहिलेली हवी.

मात्र सगळा फरक टॉलरन्सच्या माथी मारून मोकळं होणंही मला पटत नाही. एक-एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा आणि १० व्होल्ट द्या. प्रत्येकावर पाच व्होल्ट अपेक्षित. पाच टक्के टॉलरन्स धरला तर ४.७५ ते ५.२५. मीटर पहिल्यावर ४.७६ दाखवतो. पट्ट्यात बसलं, पुढे जायचं?

थांबा, दुसऱ्यावरही मोजा. दोष फक्त टॉलरन्सचा असेल, तर एकावर कमी पडलेलं व्होल्टेज दुसऱ्यावर जास्त दिसलंच पाहिजे. एक ४.८५ तर दुसरं ५.१५, बेरीज दहा. इथे दुसऱ्यावरही ४.७६ येतं आणि बेरीज भरते ९.५२. मीटरची अचूकता या रेंजवर अर्धा टक्का आणि दोन डिजिट धरली, तर तिन्ही रीडिंगांची चूक मिळूनही फरक दीड दशांश व्होल्टच्या आसपास जाईल. इथे जवळजवळ अर्धा व्होल्ट गायब आहे.

तो मीटरमुळेच गेला. व्होल्टमीटरला स्वतःचा रोध असतो, बऱ्याच डिजिटल मीटरचा १० मेगाओहम. प्रोब टेकवताच तो रेझिस्टरला समांतर जोडला जातो आणि एक मेगाओहमचा ०.९१ मेगाओहम होतो. मोजण्यासाठी प्रोब लावली की सर्किटच बदलतं. काही स्वस्त मीटरचा रोध एकच मेगाओहम असतो. त्यांच्यावर दोन्ही ठिकाणी ३.३३ व्होल्ट दिसतील आणि मुलगा रेझिस्टर खराब म्हणून फेकून देईल. एक-एक किलोओहमचे रेझिस्टर असते तर हा परिणाम दिसलाही नसता.

पहिल्या प्रयोगाचा पुरावाही दोन मिनिटांत मिळतो. सप्लाय बंद करायचा, रेझिस्टर ब्रेडबोर्डवरून काढायचा आणि ओहमच्या रेंजवर मोजायचा. समजा १०३३ आले. ५.०० भागिले १०३३ केलं की ४.८४ मिलीअँपिअर येतात, आणि खोडलेला आकडा होता ४.८३.