केस आत वळला की

रोज दाढी करणाऱ्या पुष्कळ पुरुषांच्या गळ्यावर, कॉलरच्या जरा वर, बारीक लालसर पुटकुळ्या उठतात. पहिला संशय जातो तो अस्वच्छतेवर. मग जंतुनाशक साबण येतो, खरखरीत स्क्रब येतो, दाढीनंतर झोंबणारं आफ्टरशेव्ह येतं आणि पुटकुळ्या कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. कारण बहुतेक वेळा तिथे मळ नसतो. आपलाच केस परत कातडीत शिरलेला असतो.

कुरळा, जाड केस ब्लेडने तिरका कापला गेला की त्याला भाल्यासारखं टोक येतं. वाढता वाढता तो वळतो आणि शेजारच्या त्वचेत घुसतो. अनेक पात्यांच्या रेझरने आणखी एक गोष्ट होते. पहिलं पातं केस ओढून धरतं, मागचं कापतं, आणि उरलेला खुंट त्वचेच्या पातळीखाली जातो. मग बाहेर यायच्या आधीच तो आतून भिंत टोचतो. शरीराला तो परका वाटतो आणि सूज येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं तर कित्येकदा फोडाजवळ केसाचा काळा फास स्पष्ट दिसतो. गळ्यावरचे केस निरनिराळ्या दिशांनी वाढतात, म्हणून त्रास तिथे जास्त.

हे कळलं की चेहरा धुण्याचं काम काय, तेही कळतं. दाढीआधी तेल निघावं, केसात पाणी मुरावं आणि त्वचा मात्र कोरडी पडू नये, एवढंच. भिजलेला केस मऊ पडतो आणि कमी जोराने कापला जातो. नेहमीचा अंगाचा साबण इथे उपयोगाचा नाही. तो अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात. त्वचेचा साधारण पाच. त्यातून बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची साय चेहऱ्यावर बसते. वेष्टनावर ‘सोडियम पामेट’ दिसलं तर तो साबणच समजावा. ‘सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट’ असलेली वडी किंवा ‘सोप-फ्री’ लिहिलेलं, बिनवासाचं क्लीन्झर घ्यावं. फेस कमी येतो, पण स्वच्छतेचा फेसाशी संबंध नाही.

ज्याला पुटकुळ्या आहेत त्याने सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश वापरून पाहावा. प्रमाण अर्धा ते दोन टक्के. तेलात विरघळत असल्याने ते केसाच्या मुळाशी उतरतं आणि तोंडाशी साचलेली मृत त्वचा सैल करतं. पण धुऊन टाकायच्या वस्तूचा असर मर्यादितच असतो. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल तर ते टाळावं. पू धरत असेल तर डॉक्टर बेंझॉइल पेरॉक्साइड सुचवतात. त्याने टॉवेलचा आणि कॉलरचा रंग उडतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

समजा, एक तरुण सुरक्षारक्षक आहे. दाढी केल्याशिवाय ड्यूटीवर उभं राहता येत नाही आणि गळ्यावर आठ-दहा फोड. त्याने एका आड एका रात्री सॅलिसिलिकचा फेसवॉश मिनिटभर ठेवून धुवावा. दाढीच्या सकाळी नको, ताज्या कापलेल्या त्वचेवर तो झोंबतो. सकाळी सोप-फ्री क्लीन्झर, कोमट पाणी, मग दाढीचं जेल लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं. एक पात्याचा रेझर, केसाच्याच दिशेने, त्वचा न ताणता. उलटा हात अजिबात नाही. शेवटी गार पाणी आणि साधं मॉइश्चरायझर. तुरटीने कापल्याचं रक्त थांबतं, आत गेलेला केस मात्र सुटत नाही.

सगळ्यात मोठा फरक मात्र कुठल्याही फेसवॉशने पडत नाही, ट्रिमरने पडतो. एक मिलिमीटरभर खुंट राहू दिला तर केस त्वचेखाली जातच नाही. फोड फार असतील तर तीन-चार आठवडे दाढी पूर्ण थांबवावी लागते. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो, पण केस लांब झाला की आपल्याच ताणाने सुटून बाहेर येतो. नोकरीत दाढी वाढवायला मनाई असेल तर त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी मागायला संकोचू नये.

बाहेरून दिसणारा फास स्वच्छ केलेल्या सुईने हलकेच उचलावा, उपटू नये; उपटलेला केस पुन्हा आतूनच वाढतो. आणि खाज सुटून गोल चट्टा पसरत असेल तर तो दाद असू शकतो. त्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं तर चार दिवस बरं वाटतं आणि मग ते दुपटीने पसरतं. तसंच फोडाची गाठ कडक होऊन वाढत राहिली, तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. उरलेले काळे डाग जायला काही महिने लागतात. तोवर सनस्क्रीन लावावं आणि डाग घासू नयेत.