फेलओव्हरच्या मिनिटभरात अडलेला जॉब

महत्त्वाच्या डेटाबेसच्या साधारणपणे दोन प्रती चालू ठेवतात. नव्या नोंदी फक्त प्रायमरी सर्व्हरवर होतात आणि त्यांची नक्कल स्टँडबाय सर्व्हरवर उतरत राहते. स्टँडबायवरून माहिती वाचता येते, पण तिथे काही लिहिता येत नाही. म्हणजे तो रीड-ओन्ली असतो. प्रायमरी बंद पडला किंवा दुरुस्तीसाठी थांबवला, की स्टँडबायला प्रायमरी केले जाते. या बदलाला फेलओव्हर म्हणतात. त्याला काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटे लागतात. दिवसा हा खंड एखाद्या ग्राहकाला जाणवतो आणि तो पुन्हा बटण दाबतो. मध्यरात्री ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जॉबपुढे मात्र कोणी बसलेले नसते.

समजा, एका पतसंस्थेत पोस्टग्रेस डेटाबेसवर रात्री 2 वाजता व्याज जमा करण्याचा जॉब सुरू होतो. खाती 40,000, एका तुकडीत 500 खाती, म्हणजे एकूण 80 तुकड्या. प्रत्येक तुकडीला सुमारे 20 सेकंद लागतात आणि प्रत्येक तुकडी हे एक स्वतंत्र ट्रान्झॅक्शन असते. 39 तुकड्या पूर्ण होऊन चाळिसावी चालू असताना, 2:13:10 ला प्रायमरी बंद पडतो आणि कनेक्शन तुटते. जॉब पाच सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो, पण कनेक्शन मिळत नाही. त्यानंतर 20 सेकंदांनी कनेक्शन मिळते, पण स्टँडबाय अजून प्रायमरी झालेला नसतो. तेव्हा लॉगमध्ये हा संदेश उमटतो :

```
ERROR:  cannot execute INSERT in a read-only transaction
```

या चुकीचा सांकेतिक क्रमांक `25006`. आणखी 40 सेकंदांनी, 2:14:15 ला, नवा प्रायमरी तयार असतो. जॉब चाळिसावी तुकडी पुन्हा चालवतो आणि 2:28 च्या सुमारास सगळे काम संपवतो.

यातल्या दोन चुका सारख्या नाहीत. रीड-ओन्लीचा संदेश आला, तर ती नोंद झालेली नाही हे निश्चित असते. ती पुन्हा करण्यात धोका नसतो. कनेक्शन तुटले, तर मात्र शंका राहते. तुकडी पक्की करण्याचा, म्हणजे कमिटचा, हुकूम सर्व्हरपर्यंत पोचून उत्तर परत येण्याआधीच तार तुटलेली असू शकते. अशा वेळी डोळे झाकून पुन्हा चालवल्यास 500 खात्यांवर दोनदा व्याज पडेल. म्हणून खाते क्रमांक आणि व्याजाचा महिना ही जोडी एकदाच नोंदता येईल, असे बंधन डेटाबेसमध्येच घालतात. उलट धोकाही आहे. स्टँडबायवरची नक्कल थोडी मागे असेल, तर पूर्ण झालेली एकोणचाळिसावी तुकडी नव्या प्रायमरीवर नसू शकते. त्यामुळे जॉबच्या लॉगवर न विसंबता नव्या डेटाबेसमधली खाती मोजावी लागतात.

घटना कळवताना ‘जॉब फेल झाला’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. प्रयत्न फसला आणि काम फसले, यांत फरक आहे. वरच्या घटनेत दोन प्रयत्न फसले, काम झाले. त्यासाठी रात्री कोणाला उठवण्याची गरज नाही. सकाळी लेखी नोंद पुरते. सगळे प्रयत्न संपूनही काम अडले असेल, तर मात्र तातडीने कळवायला हवे. नोंद अशी लिहिता येते :

> व्याज-जमा जॉब, रात्री 2:13:10 ते 2:14:15 (भारतीय वेळ). चाळिसाव्या तुकडीत कनेक्शन तुटले; पुढच्या दोन प्रयत्नांपैकी पहिल्यात कनेक्शन मिळाले नाही, दुसऱ्यात चूक `25006`. तिसरा प्रयत्न यशस्वी. नव्या प्रायमरीवर तपासणी केली : 40,000 खाती, प्रत्येकी एकच नोंद. ग्राहकांवर परिणाम नाही. प्रायमरी का बंद पडला, हे डेटाबेस विभागाने पाहावे.

वेळेसोबत ती कुठली हेही लिहावे लागते. सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसी वेळेत असतात. तिथे हीच घटना आदल्या तारखेला 20:43:10 ला दिसेल. चुकीचा संदेश आपल्या शब्दांत न मांडता जसाच्या तसा उतरवायचा. कारण माहीत नसेल, तर ‘फेलओव्हरमुळे’ असे ठोकून न देता दिसले तेवढेच लिहायचे.

फेलओव्हर संपूनही रीड-ओन्लीचा संदेश येतच राहिला, तर प्रश्न वेगळा आहे. जॉब बहुतेक अजून लिहिता न येणाऱ्या सर्व्हरलाच जोडलेला असतो. जुने कनेक्शन किंवा साठवून ठेवलेला जुना पत्ता हे त्याचे नेहमीचे कारण. त्याच कनेक्शनवरून ही चौकशी करता येते :

```
SELECT pg_is_in_recovery();
```

उत्तर `t` आले, तर तो सर्व्हर स्टँडबाय आहे. अशा वेळी त्याच कनेक्शनवर कितीही प्रयत्न केले तरी उपयोग नाही. ते बंद करून नवे उघडावे लागते. जोडणीच्या सेटिंगमध्ये सर्व सर्व्हरचे पत्ते आणि `target_session_attrs=read-write` दिले, तर नवे कनेक्शन लिहिता येणाऱ्या सर्व्हरलाच जोडले जाते. उत्तर `f` असेल, तर सर्व्हर प्रायमरीच आहे. मग लिहिण्यावरची बंदी कोणी सेटिंगमधून घातली आहे का, ते पाहायचे. दोन्हींपैकी कोणते उत्तर आले, तेही नोंदीत लिहायचे.