हरवलेली पाच वर्षं

पीएफच्या कार्यालयातल्या जनसंपर्क कक्षात बहुतेक लोक पैशांची चौकशी करायला येतात. या काकांना पैशांबद्दल काही विचारायचंच नव्हतं. त्यांची नोकरीची पाच वर्षं सापडत नव्हती.

काका आयुष्यभर कारकून. जुलै २००४ ते जून २००९ एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात, नंतर काही वर्षं गावातल्या व्यापाऱ्याकडे वह्या लिहायला (तिथे पीएफ कसला?) आणि नोव्हेंबर २०१४ पासून एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या ऑफिसात. मे २०२२ मध्ये ५८ पूर्ण झाले आणि कारखान्याने निरोप दिला. पेन्शनच्या अर्जाचं विचारलं, तेव्हा कारखान्यातल्या एचआरच्या मुलीने पासबुक उघडून सांगितलं, "काका, तुमची सर्व्हिस सात वर्षं सात महिने आहे. पेन्शन नाही बसत. १०सी भरा, एकरकमी पैसे मिळतील."

तिचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. खासगी नोकरदाराला पीएफमार्फत मिळणारं मासिक पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून येतं आणि त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. सेवा त्याहून कमी भरली, तर १०सी हा अर्ज भरून एकदाच ठरावीक रक्कम घ्यायची आणि विषय संपवायचा. काकांना लाख-सव्वा लाख मिळाले असते. समोर दिसणाऱ्या लाखाला नाही म्हणणं सोपं नसतं. पण गिरणीतली पाच वर्षं धरली तर एकूण बारा वर्षं सात महिने होत होते आणि गिरणीत पगारातून दरमहा पीएफ कापला जात होता, हे काकांना पक्कं माहीत होतं. ते कापण्याचे तक्ते तेच लिहायचे.

मग पाच वर्षं गेली कुठे? गोंधळाचं मूळ २०१४ मध्ये भरलेल्या एका कागदात निघालं. नव्या नोकरीत रुजू होताना फॉर्म ११ भरावा लागतो. 'यापूर्वी तुम्ही भविष्य निर्वाह निधीचे सभासद होता का?' असा प्रश्न त्यात असतो. ऑफिसातल्या कुणीतरी घाईत 'नाही' लिहिलं आणि काकांनी न वाचता सही केली. त्यामुळे त्यांना नवा सभासद धरून नवा यूएएन पडला. गिरणीतलं खातं यूएएनच्या आधीच्या काळातलं, नुसत्या सभासद क्रमांकाचं. दोघांची गाठ कुणी घातलीच नाही. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं होती.

खिडकीपलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, तो नेमका कळीचा होता. "काका, गिरणीचे पैसे उचलले होते का?"

नोकरी सोडताना बहुतेक लोक दोन अर्जांवर एकदम सह्या करतात. फॉर्म १९ हा पीएफच्या रकमेसाठी आणि १०सी पेन्शनच्या हिश्शासाठी. १०सीवर पैसे घेतले की त्या नोकरीची सेवा पेन्शनच्या हिशेबातून कायमची जाते. नोकरी सोडून घरी बसावं लागलं, तरी १०सीतच पैशांऐवजी 'योजना प्रमाणपत्र' मागायची सोय आहे. पैसे मिळत नाहीत, पण सेवा शाबूत राहते आणि पुढच्या नोकरीत जोडता येते. हे सांगणारं माणूस मात्र क्वचितच भेटतं. काकांच्या बरोबरच्या कित्येकांनी तेव्हा दोन्ही अर्ज भरले आणि मिळालेले काही हजार लग्नकार्यात खर्च झाले. काकांनी आळसापायी काहीच भरलं नव्हतं. त्यांचा आळस इथे कामी आला.

पैसे उचललेले नसल्याने मार्ग सरळ होता. फॉर्म १३ भरून जुनं खातं नव्याकडे वर्ग करायचं. काकांनी तो भरला आणि तो परत आला, दोन कारणांनी. गिरणीच्या नोंदीत आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं आणि नोकरी सोडल्याची तारीख कोरी होती. ही तारीख मालकाने भरायला हवी होती. गिरणी तर केव्हाच बंद पडलेली.

इथे काकांचा जुना धंदा उपयोगी पडला. २०१२ पासून कारखाने दरमहा ऑनलाइन विवरण भरतात. त्याआधी दर आर्थिक वर्षाला प्रत्येक कामगाराचं एक कार्ड असे, फॉर्म ३ए. त्यावर महिन्यागणिक पगार, वर्गणी आणि बिनपगारी दिवस. सगळ्या कार्डांची गोळाबेरीज ६ए या तक्त्यात. हे दोन्ही कागद पीएफ कार्यालयात जमा होत. म्हणजे गिरणी बंद पडली तरी तिचे कागद तिथे असायला हवे होते. काकांनी अर्जात 'माझी सेवा शोधा' असं मोघम लिहिलं नाही. गिरणीचा कोड क्रमांक, आपला सभासद क्रमांक आणि २००४-०५ ते २००९-१० या प्रत्येक वर्षाच्या ६एचा उल्लेख त्यांनी केला. सोबत जपून ठेवलेल्या पीएफच्या वार्षिक स्लिपा, नेमणुकीचं पत्र आणि आडनावासाठी आधार व शाळा सोडल्याचा दाखला जोडला. पोच घेतली.

मोघम अर्ज टेबलांवर फिरत राहतो. वर्ष आणि फॉर्मचं नाव लिहिलेला अर्ज थेट रेकॉर्ड रूमकडे जातो. शेवटच्या वर्षाच्या ६एमध्ये जून २००९ नंतर काकांच्या नावापुढे वर्गणी नव्हती. तोच महिना सोडल्याचा धरला गेला आणि खातं वर्ग झालं.

त्यानंतर काका पुन्हा घाबरले. नव्या पासबुकात गिरणीचे पीएफचे पैसे आले होते, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य. हे मात्र बरोबरच असतं. पेन्शनची वर्गणी एका सामाईक निधीत जाते, ती खात्यांमधून फिरत नाही. फिरते ती फक्त सेवा आणि तिचा तपशील 'अ‍ॅनेक्शर के' या कागदावर येतो. खातं वर्ग झाल्यावर त्याची प्रत काढून रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि बिनपगारी दिवस तपासावेत. ले-ऑफचे दिवस सेवेतून वजा होतात, त्यामुळे तिथला चुकीचा आकडाही महागात पडतो.

आता हिशेब. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. काकांची सरासरी १४,००० रुपये. पण सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला जास्तीत जास्त ६,५०० रुपये पगार धरतात. म्हणून गिरणीच्या पाच वर्षांचे सुमारे ४६४ रुपये आणि कारखान्याच्या सेवेचे सुमारे १,५१७. एकूण महिना १,९८० रुपयांच्या आसपास.

यात किराणासुद्धा धड येत नाही, आणि महागाईनुसार ही रक्कम वाढतही नाही. या योजनेवरचा पेन्शनरांचा राग मला रास्तच वाटतो. तरीही १०सीच्या लाख-सव्वा लाखाशी तुलना करा. तेवढी रक्कम या पेन्शनमधून सव्वाचार ते सव्वापाच वर्षांत वसूल होते, पुढे ते हयातभर चालू राहतं आणि काकांच्या मागे काकूंना किमान हजार रुपये मिळतात. त्या ४६४ रुपयांची खरी किंमत अशी, की त्यांच्यामागच्या पाच वर्षांशिवाय उरलेले १,५१७ सुद्धा मिळाले नसते.

कामाला वेळ लागला, पण पेन्शन ५८ पूर्ण झाल्यापासूनचं थकबाकीसह मिळालं. तुम्ही नोकरी बदलली असेल, तर ५८ची वाट पाहू नका. पासबुकात जुन्या प्रत्येक नोकरीचा सभासद क्रमांक दिसतो का, ते याच आठवड्यात बघा. आणि जुनी सेवा सापडेपर्यंत १०सीवर सही करू नका.