४५ टक्क्यांवर अडलेला गेम

प्ले स्टोअरवरून गेम उतरतो, ‘ओपन’ दाबलं जातं आणि पडद्यावर नवीच सूचना येते: अतिरिक्त डेटा डाउनलोड होत आहे. कारण स्टोअरमधून येतो तो बहुतेकदा गेमचा गाभा. नकाशे, आवाज, पात्रांची चित्रं असा जड माल गेम सुरू झाल्यावर कंपनीच्या सर्व्हरवरून वेगळा येतो. गेम ‘अडकतो’ तो बहुधा या दुसऱ्या टप्प्यात.

समजा, हा माल २ जीबीचा आहे आणि फोनवर रोज दीड जीबीचा प्लॅन आहे. दिवसभरात ०.६ जीबी व्हिडिओत गेला. उरलेल्या ०.९ जीबीत पट्टी ४५ टक्क्यांपर्यंत येते आणि कोटा संपतो. फोरजीची खूण तशीच, रेंजही पूर्ण. पण अशा बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं उरलेला १.१ जीबी यायला साधारण ३८ तास लागतील. पट्टी हलत असते, डोळ्यांना दिसत नाही इतकंच.

खरा घोटाळा पडताळणीत होतो. माल अनेक फायलींत येतो आणि प्रत्येक फायलीच्या मजकुरावरून गणितानं काढलेला एक छोटा संकेत, म्हणजे हॅश, सर्व्हरच्या यादीत असतो. फाइल उतरली की फोन तोच हिशेब पुन्हा करतो. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी संकेत जुळत नाही आणि फाइल बाद होते. ५० एमबीची एक फाइल ६४ केबीपीएसनं यायला पावणेदोन तास लागतात. तेवढ्यात जोडणी तुटली आणि गेमला अर्धवट फाइल पुढे चालू ठेवता येत नसेल, तर ती पुन्हा पहिल्यापासून येते. डेटा जळतो, टक्का तिथंच.

हे ओळखायला दोन आकडे पुरतात. सेटिंग्जमध्ये गेमनं वापरलेला मोबाइल डेटा आणि गेमनं व्यापलेली जागा पाहावी, अर्ध्या तासानं पुन्हा पाहावी. दोन्ही वाढत असतील तर काम चालू आहे, फक्त धीर हवा. डेटा वाढतोय पण जागा नाही, तर त्याच फायली पुन्हा पुन्हा येत असण्याची शक्यता मोठी. दोन्ही जागीच, तर जोडणी मेली आहे किंवा पडदा बंद झाल्यावर अँड्रॉइडनं गेमला थांबवलं आहे. अनेक गेम समोर उघडे असतानाच डाउनलोड करतात. फोनमधली मोकळी जागाही बघावी, कारण दाबून पाठवलेल्या फायली उलगडताना काही काळ जास्तीची जागा लागते.

घाईत लोक ‘क्लिअर डेटा’ दाबतात. त्यानं उतरलेले ०.९ जीबीही पुसले जातात. आधी ‘क्लिअर कॅशे’ करावं, मग लॉगिनच्या पडद्यावर ‘रिपेअर’ असेल तर ते वापरावं. त्यात सहसा फक्त बिघडलेल्या फायली नव्यानं येतात. कमी दर्जाच्या चित्रांचा हलका पॅक निवडायची सोय असेल तर तोच घ्यावा. आणि डाउनलोड कोटा नव्यानं मिळाल्यावर, रात्री बारानंतर किंवा पहाटे, पडदा चालू ठेवून आणि फोन चार्जिंगला लावून सुरू करावं.